निविदेसोबतचा ई-मेल: सहपत्रांची यादी आणि एकच संपर्क व्यक्ती

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी मी बचत गटांची, लहान दालमिलवाल्यांची कागदपत्रं करून देतो. निविदा भरताना लोक दरावर आठ-आठ दिवस चर्चा करतात, आणि ज्या ई-मेलने ती निविदा जाणार असते तो शेवटच्या पाच मिनिटांत लिहितात. "निविदा जोडली आहे, स्वीकारावी" एवढीच ओळ. पुढे फाइल उघडत नाही, एक कागद सापडत नाही, फोन लागत नाही, आणि चांगल्या दराची निविदा दर न पाहताच बाजूला पडते.

मला एकदा एका संस्थेने खरेदी समितीत बसायला बोलावलं होतं. तिथे पाहिलं की लिपिक आधी प्रत्येक निविदेचा ई-मेल छापून घेतो. मग त्या कागदावरची सहपत्रांची यादी पेनाने टिकत जातो आणि एकेक फाइल उघडतो. ज्या ई-मेलात यादी नाही, त्याच्या फाइली तो स्वतःच्या अंदाजाने लावतो. `IMG_20240611_0043.pdf` हा पॅन आहे की बँकेची पावती, हे उघडल्याशिवाय त्याला कळत नाही, आणि अशा बारा फाइली उघडताना एखादी नजरेतून सुटतेच. तेव्हापासून मी हा ई-मेल त्या लिपिकाच्या हातातला कागद समजूनच लिहितो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घ्या. जिल्हा परिषद, बांधकाम विभाग, नगरपरिषद यांच्या ई-निविदा `mahatenders.gov.in` या पोर्टलवरच भराव्या लागतात, त्याला डिजिटल सही लागते. तिथली निविदा ई-मेलने पाठवली तर ती कुणी उघडतही नाही. मी सांगतो ती पद्धत खासगी शिक्षण संस्था, न्यास, शेतकरी उत्पादक कंपन्या, सूतगिरण्या, कारखाने अशांच्या निविदांसाठी आहे, आणि तीही त्यांच्या सूचनेत "ई-मेलद्वारे स्वीकारण्यात येईल" असं छापलेलं असेल तरच. सूचनेत "सीलबंद लिफाफ्यात" असं असेल तर लिफाफाच न्यायचा.

आपलं उदाहरण

आमच्या जवळच्या गावात महिलांच्या एका गटाकडे अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या धर्तीची पीकेव्ही मिनी दालमिल आहे. एका निवासी शाळेच्या संस्थेला वर्षभरासाठी २,४०० किलो तूरडाळ हवी होती, ३० किलोच्या कट्ट्यांच्या हिशेबाने. निविदा ई-मेलने मागवली होती. शेवटची तारीख शुक्रवार, १४ जून २०२४, दुपारी ३ वाजेपर्यंत. बयाणा रक्कम ५,००० रुपये. तांत्रिक कागद उघडे पाठवायचे आणि दरपत्रक पासवर्ड घातलेल्या वेगळ्या पीडीएफमध्ये. सगळ्या जोडण्या मिळून १० एमबीच्या आत. या एकाच निविदेवर सगळ्या पायऱ्या दाखवतो.

पहिली पायरी: सूचनेतून चार गोष्टी वेगळ्या कागदावर उतरवा

निविदा क्रमांक, कामाचं नाव, शेवटची वेळ आणि ई-मेलचा पत्ता. पत्त्याबाबत फार जपा. पुष्कळ सूचनांत दोन पत्ते असतात, एक शंका विचारण्यासाठी आणि दुसरा निविदा सादर करण्यासाठी. या गटाने आधी कट्ट्याच्या वजनाबद्दल एक शंका विचारली होती आणि तिचं उत्तरही आलं होतं. सचिव ताई त्याच उत्तराला "रिप्लाय" करून निविदा पाठवायला निघाल्या होत्या. तसं केलं असतं तर निविदा शंकांच्या पेटीत गेली असती, आणि वर विषयाच्या जागी जुन्या शंकेचा विषय राहिला असता. निविदेसाठी नेहमी नवा कोरा ई-मेल उघडायचा आणि पत्ता सूचनेत पाहून एकेक अक्षर तपासत टाकायचा.

ई-मेल कोणत्या खात्यावरून जातो, हेही पाहा. आमच्याकडे सर्रास सेवा केंद्राच्या खात्यावरून पाठवतात. मग संस्थेने त्या पत्त्यावर खुलासा मागितला की तो आमच्याकडे येऊन पडतो आणि गटाला खबरच नसते. गटाचं स्वतःचं खातं काढा आणि त्याला जो मोबाइल नंबर जोडाल तो गटातल्याच बाईचा असू द्या. पाठवणाऱ्याचं नाव काय दिसतं, तेही बघून घ्या. या गटाचं खातं अध्यक्ष काकूंच्या पुतण्याने काढलं होतं आणि ई-मेल उघडणाऱ्याला त्याचंच नाव दिसत होतं. ते बदलून गटाचं पूर्ण नाव टाकलं.

दुसरी पायरी: आधी यादी, मग स्कॅन

बहुतेक जण आधी हाताशी आहेत ते कागद स्कॅन करतात आणि मग जे झालं त्याची यादी लिहितात. उलटं करा. सूचनेत "सोबत जोडावयाची कागदपत्रे" असा परिच्छेद असतो. त्यातली यादी त्याच क्रमाने, त्याच शब्दांत उतरवून घ्या. तिथे "प्रपत्र अ" म्हटलं असेल तर तुमच्याही यादीत "प्रपत्र अ" असावं, "अर्ज" नव्हे. लिपिकाच्या हातातला तक्ता त्या सूचनेवरूनच बनलेला असतो. तुमचा क्रम तोच असला की त्याचं पेन सरळ खाली जातं.

प्रत्येक नावापुढे पानांची संख्या लिहा. हा भाग मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. या गटाचे तीन वर्षांचे हिशेब नऊ पानांचे होते. मोबाइलने स्कॅन करताना दोन पानं चिकटून एकदम उलटली, आणि फाइल आठच पानांची झाली. यादीत "९ पाने" लिहिलेलं होतं म्हणून पाठवण्याआधी ताळा घेताना ते लक्षात आलं. नाहीतर एका वर्षाचा ताळेबंद अर्धाच गेला असता.

जो कागद तुम्हाला लागूच होत नाही त्याचं काय? या सूचनेत जीएसटी नोंदणी प्रमाणपत्र मागितलं होतं. गट फक्त २५ किलोपेक्षा मोठ्या कट्ट्यांत डाळ विकतो. १८ जुलै २०२२ पासून वेष्टन करून लेबल लावलेल्या २५ किलोपर्यंतच्या डाळीवर ५ टक्के जीएसटी लागला, त्यापेक्षा मोठा कट्टा करमुक्त राहिला. फक्त करमुक्त माल विकणाऱ्याला नोंदणी घ्यावी लागत नाही. म्हणजे या गटाकडे प्रमाणपत्र नव्हतं आणि नसणं बरोबरच होतं. पण यादीतून तो क्रमांक गाळला असता तर लिपिकाने "अनुपलब्ध" असा शेरा मारला असता. म्हणून क्रमांक तसाच ठेवून "लागू नाही, स्वयंघोषणापत्र जोडले आहे" असं लिहिलं आणि कारण सांगणारं एक पान सही-शिक्क्यासह जोडलं. यादीतला कोणताही क्रमांक रिकामा सोडायचा नाही, ही सवय लावून घ्या.

तिसरी पायरी: फाइलींची नावं आणि वजन

यादीतला क्रमांक आणि फाइलीच्या नावातला क्रमांक एकच हवा. नावं इंग्रजी अक्षरांत, छोटी, मध्ये मोकळी जागा न सोडता द्या. देवनागरी नावं काही संगणकांवर उतरवून घेताना बिघडतात. आमच्या फाइली अशा होत्या:

```
01_Prapatra_A.pdf
02_Ati_Sharti.pdf
03_Nondani.pdf
04_PAN.pdf
05_GST_Ghoshana.pdf
06_Anna_Parwana.pdf
07_Bayana.pdf
08_Hisheb.pdf
09_Tharav.pdf
10_Prapatra_B_Dar.pdf
```

सुरुवातीला `1` न लिहिता `01` लिहा, नाहीतर काही ठिकाणी दहावी फाइल पहिलीच्या शेजारी जाऊन बसते.

वजनाचा घोळ मात्र नवख्यांच्या हमखास लक्षात येत नाही. ई-मेलने जाताना जोडलेली फाइल वेगळ्या रूपात बदलली जाते आणि तिचं वजन साधारण एक तृतीयांशाने वाढतं. म्हणजे १० एमबीची मर्यादा असेल तर तुमच्या फाइलींची बेरीज ७ एमबीच्या आत हवी. जीमेलची स्वतःची मर्यादा २५ एमबी आहे. त्यापेक्षा जास्त झालं की जीमेल फाइल जोडायचं सोडून ड्राइव्हची लिंक टाकतं. पाठवणाऱ्याला वाटतं फाइल गेली, आणि उघडणाऱ्याला दिसतं "परवानगी मागा". वेळ संपल्यावर अशी लिंक उघडून दिली तर समिती ती का मानेल? लिंकमागची फाइल नंतर बदलताही येते.

आमची पहिली बेरीज १७ एमबी भरली, कारण हिशेबाची नऊ पानं रंगीत फोटोसारखी काढली होती. तीच करड्या रंगात पुन्हा स्कॅन केली आणि सगळं सहा एमबीत बसलं. अक्षरं आणि शिक्का मोबाइलवर मोठं करून वाचता आले की पुरे.

चौथी पायरी: दरपत्रक

दरपत्रकावर सही-शिक्का लागतो आणि पासवर्डही लागतो, त्यामुळे लोक गोंधळतात. सोपा मार्ग असा. दरपत्रक भरून, सही-शिक्का करून ते पान स्कॅन करा. ते चित्र संगणकावर लिबरऑफिस रायटर या मोफत प्रोग्रामच्या कोऱ्या पानावर टाका. मग `File → Export As → Export as PDF` मध्ये जाऊन `Security` या भागात `Set Passwords` दाबा आणि फाइल उघडण्याचा पासवर्ड द्या. तयार झालेली फाइल दुसऱ्या मोबाइलवर उघडून बघा. पासवर्ड मागितला पाहिजे आणि टाकल्यावर उघडली पाहिजे.

पासवर्डमध्ये शून्य आणि इंग्रजी `O`, एक आणि छोटा `l` अशी फसवी अक्षरं नकोत, कारण तो पाहून टाइप करताना समोरचा चुकू शकतो. गटाच्या वहीत तो लिहून ठेवा आणि दोघींना माहीत असू द्या. पासवर्ड विसरला तर ते दरपत्रक तुम्हालाही उघडता येणार नाही.

पासवर्ड या ई-मेलात लिहायचा नाही. तांत्रिक कागद तपासून झाल्यावर संस्था मागेल तेव्हाच द्यायचा. आणि दर तर ई-मेलात मुळीच लिहायचा नाही. "आमचा दर सर्वांत कमी राहील" असंही नको. दरपत्रक कुलूपबंद ठेवून पत्रात दर सांगितला तर गुप्तता तिथेच मोडते, आणि अशी निविदा बाद करायला समितीला दुसरं कारण शोधावं लागत नाही.

पाचवी पायरी: एकच संपर्क व्यक्ती

इथे मी स्वतः चुकलो आहे, म्हणून सविस्तर सांगतो. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गटाच्या निविदेत मी खाली तीन नंबर दिले होते, अध्यक्षांचा, सचिवांचा आणि माझा. मला वाटलं, एक नाही लागला तर दुसरा लागेल. संस्थेतून आधी अध्यक्षांना फोन गेला, "कट्टा किती किलोचा देणार?" त्या म्हणाल्या, "तीस." दुसऱ्या दिवशी त्याच कार्यालयातल्या दुसऱ्या माणसाने सचिवांना विचारलं. त्या म्हणाल्या, "तुम्हाला दहा-दहाचे पाहिजे असतील तर तसेही देऊ." ताईंचा हेतू चांगलाच होता. पण दहा किलोचं लेबल लावलेलं पाकीट म्हटलं की ५ टक्के कर आला, आणि आमच्या दरात कर धरलेला नव्हता. समितीपुढे एकाच गटाची दोन उत्तरं गेली. त्यांनी "प्रस्ताव संदिग्ध" असा शेरा मारला आणि दरपत्रक उघडलंच नाही. त्यांची चूक म्हणता येणार नाही, कारण कुणाचं उत्तर गटाचं मानायचं हे मीच सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून एकच नाव, एकच नंबर, एकच ई-मेल पत्ता. व्यक्ती निवडताना पदापेक्षा तीन गोष्टी बघतो. तिने निविदेचे सगळे कागद स्वतः वाचलेले असावेत. तिला उत्तर द्यायचा अधिकार असावा. आणि दिवसा तिचा फोन लागावा. या गटाच्या अध्यक्ष काकू मानाच्या, पण जून महिन्यात त्या दिवसभर वावरात, आणि त्यांच्या वावरात रेंज येत नाही. सचिव ताईंचं घर दालमिलच्या शेजारी. म्हणून सचिवांचं नाव ठरवलं. काकूंना जरा लागलं असेल, पण सही त्यांचीच राहील असं सांगितल्यावर त्याच म्हणाल्या, "फोन तिलाच येऊ द्या भाऊ, मले पऱ्हाटीतून धावत यावं लागते."

सही करणारी व्यक्ती आणि संपर्क व्यक्ती वेगळ्या असू शकतात. फक्त गटाच्या ठरावात दोन्ही नावं आणि दोघींची कामं लिहिलेली हवीत: निविदेवर सही अध्यक्षांची, पत्रव्यवहार आणि खुलासा सचिवांचा. तो ठराव सहपत्रांत जोडायचा. ठरावातलं नाव, प्रपत्रातलं नाव आणि ई-मेलातलं नाव अक्षरशः एक हवं. एका ठिकाणी वडिलांचं नाव आणि दुसऱ्या ठिकाणी नवऱ्याचं, असं झालं की ती एकच बाई आहे का, हा प्रश्न उभा राहतो. आमच्याकडे हे फार होतं.

फोन नंबर देण्याआधी त्या नंबरवर दुसऱ्या फोनवरून स्वतः लावून बघा. दोन सिमचा मोबाइल असतो, एका सिमचा रिचार्ज संपलेला असतो आणि त्यावर येणारे फोनही बंद झालेले असतात. निकाल लागेपर्यंत त्या नंबरचा रिचार्ज चालू ठेवणं हा निविदेचाच खर्च समजा.

उरलेल्या बायांनाही एक वाक्य पाठ करून घ्यायला सांगा. कुणालाही संस्थेतून फोन आला तर एवढंच म्हणायचं: "याबद्दल आमच्या सचिव ताई सांगतील, त्यांचा नंबर पत्रात दिला आहे."

सहावी पायरी: ई-मेल लिहिणं

एक धोका आधीच सांगतो. मजकूर डीटीपीच्या दुकानातून कृतिदेवमध्ये टाइप करून आणला आणि तसाच ई-मेलात चिकटवला, तर समोरच्याला "निविदा" या शब्दाच्या जागी `fufonk` असं दिसेल. कृतिदेव हा युनिकोड फॉन्ट नाही. मोबाइलच्या मराठी कीबोर्डवर लिहिलेला मजकूर युनिकोडच असतो, तो सगळीकडे नीट दिसतो. ई-मेल मोबाइलवर टाइप करून आधी स्वतःच्याच दुसऱ्या खात्यावर पाठवून पाहा.

विषयाच्या ओळीत निविदा क्रमांक सूचनेत जसा छापला आहे तसाच, मग कामाचं नाव, मग गटाचं नाव. आमचा ई-मेल असा होता, नावं आणि नंबर तेवढे काढले आहेत:

> विषय : निविदा क्र. ०७/२०२४-२५ – तूरडाळ पुरवठा – (गटाचे पूर्ण नाव), ता. (तालुका), जि. यवतमाळ
>
> प्रति,
> मा. सचिव, खरेदी समिती,
> (संस्थेचे नाव व पत्ता)
>
> संदर्भ : आपली निविदा सूचना क्र. ०७/२०२४-२५, दि. २७ मे २०२४
>
> महोदय,
>
> वरील संदर्भीय सूचनेनुसार तूरडाळ (२,४०० किलो) पुरवठ्यासाठी आमच्या गटाची निविदा या ई-मेलसोबत सादर करीत आहोत. सूचनेतील सर्व अटी व शर्ती आम्हास मान्य आहेत.
>
> सहपत्रे (एकूण १० फाइली, ३० पाने) :
> १. प्रपत्र अ – निविदा अर्ज, सही-शिक्क्यासह – २ पाने
> २. निविदा सूचना व अटी-शर्ती, प्रत्येक पानावर सही – ११ पाने
> ३. गटाचे नोंदणी प्रमाणपत्र – १ पान
> ४. गटाचे पॅन कार्ड – १ पान
> ५. जीएसटी नोंदणी – लागू नाही, स्वयंघोषणापत्र – १ पान
> ६. अन्न परवाना – २ पाने
> ७. बयाणा रक्कम रु. ५,००० भरल्याची पावती, युटीआर क्र. (पूर्ण क्रमांक), दि. १० जून २०२४ – १ पान
> ८. मागील तीन वर्षांचे हिशेब, सनदी लेखापालांच्या सहीसह – ९ पाने
> ९. गटाचा ठराव – सही व संपर्काचे अधिकार – १ पान
> १०. प्रपत्र ब – दरपत्रक, पासवर्ड घातलेले – १ पान
>
> दरपत्रकाचा पासवर्ड आपण मागणी केल्यावर याच ई-मेल पत्त्यावरून कळवण्यात येईल.
>
> या निविदेसंदर्भातील सर्व खुलासे व पत्रव्यवहारासाठी आमच्या वतीने एकमेव संपर्क व्यक्ती :
> श्रीमती (ठरावातील पूर्ण नाव), सचिव
> मोबाइल : (एकच नंबर)
> ई-मेल : (गटाचा पत्ता)
>
> ई-मेल व सर्व १० सहपत्रे मिळाल्याची पोच द्यावी, ही विनंती.
>
> आपली विश्वासू,
> (पूर्ण नाव), अध्यक्ष
> (गटाचे नाव व पत्ता)

यात नाही काय, तेही बघा. गटाचा इतिहास नाही, मिळालेली बक्षिसं नाहीत. "वाहतूक खर्च वेगळा राहील", "तुरीचा भाव वाढल्यास दर बदलू" असं एकही वाक्य नाही. अशी ओळ चांगल्या मनाने लिहिली तरी निविदा सशर्त ठरते आणि सशर्त निविदा बाद होते. वाहतूक दरात धरायची की नाही, हे शंका विचारण्याच्या मुदतीत विचारून घ्यायचं आणि दरपत्रकातच हिशेबात धरायचं.

बयाण्याच्या ओळीतला युटीआर क्रमांक बँकेच्या पावतीवरून घ्या. एनईएफटीचा क्रमांक १६ अक्षरांचा असतो. तो टाइप न करता पावतीच्या पीडीएफमधून उचलून चिकटवला तर चुकत नाही. संस्थेचा लेखापाल या क्रमांकावरूनच पाच हजार शोधतो. त्यांच्या खात्यात तुमच्या गटाचं नाव अर्धवट दिसू शकतं.

सातवी पायरी: पाठवणं आणि गेल्याची खात्री

सूचनेत "पाठवावी" नसून "प्राप्त झाली पाहिजे" असं लिहिलेलं होतं. अशा वेळी घड्याळ त्यांच्या बाजूचं चालतं. तीन वाजायला दोन मिनिटं असताना तुम्ही बटण दाबलं आणि सहा एमबी चढायला दहा मिनिटं लागली, तर निविदा उशिरा आली. त्यात १४ जून म्हणजे मृगाचे दिवस. आमच्याकडे त्या आठवड्यात वादळ आलं की आधी लाइन जाते आणि मग टॉवर. म्हणून आम्ही बुधवारी, १२ तारखेला सकाळीच पाठवली.

पाठवण्याआधी दोघींनी बसून ताळा घ्यायचा. एकीने यादी मोठ्याने वाचायची, दुसरीने जोडलेल्या फाइलीवर बोट ठेवून पानं मोजायची. पत्ता सगळ्यांत शेवटी टाकायचा, म्हणजे अर्धवट ई-मेल चुकून जात नाही. प्रत ठेवायची तर गटाच्या दुसऱ्या खात्याला ठेवा, बाहेरच्या कुणाला नको.

पाठवल्यावर मोबाइलवर ई-मेल `Outbox` मध्ये अडकला आहे की `Sent` मध्ये गेला आहे, ते बघा. कमी रेंजमध्ये तो तासन्‌तास `Outbox` मध्ये पडून राहतो आणि लोक निश्चिंत घरी जातात. `Sent` मध्ये गेल्यावरही थोडा वेळ थांबा. पत्ता चुकला असेल किंवा वजन जास्त झालं असेल तर बहुधा काही मिनिटांत `Mail Delivery Subsystem` या नावाने ई-मेल परत येतो. मग `Sent` मधला ई-मेल उघडून त्यातल्या दहाही फाइली दुसऱ्या मोबाइलवर उतरवून उघडा.

पोच आली नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी संपर्क व्यक्तीनेच कार्यालयात फोन करायचा आणि फक्त दोन गोष्टी विचारायच्या: ई-मेल मिळाला का, आणि दहा फाइली दिसतात का. आमच्या सचिव ताईंनी विचारलं तेव्हा कळलं की ई-मेल त्यांच्या `Spam` मध्ये गेला होता. लिपिकाने तो बाहेर काढला आणि पोच दिली. दोन दिवस हाताशी होते म्हणून हे जमलं.

एखादा कागद राहिला असं मुदतीच्या आत लक्षात आलं तर तो एकटाच मागाहून पाठवू नका. दोन ई-मेल वेगवेगळ्या ठिकाणी पडतात आणि यादी जुळत नाही. सगळा संच पुन्हा पाठवा, विषयाच्या सुरुवातीला "सुधारित" लिहा आणि पहिल्या ओळीत लिहा, "दि. १२ जून रोजी सकाळी पाठवलेला ई-मेल रद्द समजावा, हीच निविदा ग्राह्य धरावी." सूचनेत एकदा दिलेली निविदा बदलता येणार नाही असं म्हटलं असेल तर मात्र आधी विचारून घ्या. मुदत संपल्यावर लक्षात आलं तर स्वतःहून काहीही पाठवू नका. समितीने खुलासा मागितला तरच तो कागद द्या.

पासवर्ड मागतात त्या दिवशी

तांत्रिक तपासणीनंतर संस्थेचा ई-मेल आला: दुपारी १२ ते १ या वेळेत पासवर्ड कळवावा. सचिव ताईंनी तो गटाच्याच खात्यावरून, त्याच ई-मेलला उत्तर देऊन पाठवला. मग फोन करून फाइल उघडली का, ते विचारलं. आधी फोन आला आणि कुणी पासवर्ड मागितला, तर "ई-मेलवर मागणी करा, लगेच पाठवते" असं नम्रपणे सांगायचं. फोनवर कोण बोलतंय हे ओळखता येत नाही, आणि लेखी मागणी असली की तो कधी आणि कुणाला दिला याची नोंद दोन्हीकडे राहते.

निकाल लागेपर्यंत संपर्क व्यक्ती बदलायची वेळ आली, ताई बाळंतपणाला माहेरी गेल्या किंवा नंबर बंद पडला, तर नवा ठराव करा. गटाच्या खात्यावरून निविदा क्रमांक टाकून एक छोटा ई-मेल पाठवा: अमुक तारखेपासून आधीच्या नावाऐवजी हे नाव, हा नंबर, सोबत ठराव १ पान. त्याचीही पोच घ्या आणि ती गटाच्या फाइलीत पहिल्या पोचेच्या मागे लावा.